काटेवाल्याचा पासंग

काटेवाल्यांना कुणी सहज म्हणून घरी बोलावू नये. चहा होईपर्यंत ते तुमच्या भिंतीवरचं घड्याळ काढतील, मागचं झाकण उघडतील आणि "हे पाच मिनिटं पुढे का जातं तेवढं बघतो" म्हणून मांडी ठोकून बसतील. चहा गार होईल, पण घड्याळ नीट होईल. जगात जे जे हलतं, फिरतं, वर-खाली होतं, ते कशामुळे होतं हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

त्यांचा धंदाच तसा होता. वजनाचे काटे दुरुस्त करायचे. वाण्याचा दोन पारड्यांचा तराजू, भंगारवाल्याचा टांगता स्प्रिंगकाटा, औषधवाल्याचा लहानसा काटा, सगळं त्यांच्याकडे यायचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांब मेज, मेजावर काचेच्या पेटीत ठेवलेला सोनारकाटा, आणि शेजारी मखमलीच्या खाचांत बसवलेली वजनं. त्यातली सगळ्यांत बारीक वजनं म्हणजे पत्र्याचे नखाएवढे तुकडे, एक कोपरा वर वळवलेला. ती चिमट्यानेच उचलायची. बोटाने उचललं तर बोटाचा घामसुद्धा वजनात येतो, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि जुन्यालाही सोडत नसत.

तीस वर्षांत त्यांनी दुरुस्त केलेला एकही काटा तपासनीस साहेबांनी शिक्का न मारता परत पाठवला नव्हता. एका दुकानदाराने एकदा हळूच "थोडा माझ्या बाजूने झुकेल असा करून द्या" म्हटलं होतं. काटेवाल्यांनी त्याचा तराजू उचलून रस्त्यावर नेऊन ठेवला आणि त्या माणसाला तिथेच उभं राहून पाच-पंचवीस लोकांसमोर समजावून सांगितलं की मापात पाप करणाऱ्याला ते पाणीसुद्धा विचारत नाहीत. तो दुकानदार नंतर गल्ली बदलून जाऊ लागला.

अशा माणसाला एकच भाऊ होता, अकरा वर्षांनी लहान. घरीदारी सगळे त्याला धाकटा म्हणत. धाकटा रंगारी. उंच शिडीवर चढून छताची कड एका दमात, पट्टी न लावता ओढायचा, इतका हात स्थिर. एके दिवशी शिडीच घसरली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि दुखणं थांबावं म्हणून जोरदार गोळ्या सुरू झाल्या. हाड जुळलं, गोळ्या सुटल्या नाहीत. चिठ्ठीवरच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो बिनचिठ्ठीच्या घेऊ लागला, त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा कुणीतरी त्याला गर्द दिली. आधी धूर, मग सुई. हे दादांच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. केसाएवढा फरक ज्यांच्या डोळ्याला दिसायचा, त्यांना घरातला माणूस अर्धा झालेला दिसला नाही. हे ते स्वतःच सांगत आणि सांगताना चष्मा पुसत.

मग व्हायचं ते सगळं झालं. तीनदा त्याला दवाखान्यात ठेवून गर्द सोडवली. तिन्ही वेळा तो गोरामोरा होऊन घरी आला, वहिनीसमोर कानाला खडा लावला, महिनाभराच्या आत पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी बाविसाव्या दिवशी न्हाणीघराचं दार फोडावं लागलं. ओठ निळे पडलेले, श्वास मोजता येतील इतके. रुग्णवाहिकेतल्या बाईंनी नाकात औषधाचा फवारा मारला, तोंडावर पिशवी धरून हवा भरली, आणि काही मिनिटांनी धाकट्याने डोळे उघडले. वहिनी भिंतीला टेकून रडत होती. काटेवाल्यांच्या तोंडातून तशातही प्रश्न बाहेर पडलाच.

"बाई, यानं जास्त घेतली होती का?"

"बहुतेक नेहमीएवढीच," त्या बाई म्हणाल्या. "पण तीन आठवडे बंद होती ना. शरीराची सवय मोडली, हातानं मात्र जुनंच माप घेतलं. सोडून आलेली माणसंच अशी जातात हो."

हे वाक्य काटेवाल्यांनी मनात नीट ठेवून दिलं. पुढे त्याचा विसर पडायला नको होता, आणि तो पडला, तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

त्यानंतरही महिना-दोन महिने धाकटा घेतच राहिला, शेवटी त्याला गर्दऐवजी रोज जिभेखाली गोळी देणाऱ्या केंद्रात नेलं. केंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. एका खिडकीत सिस्टर बसत. पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला, आणि आवाज असा की रांगेतली टगी पोरंसुद्धा सरळ उभी राहायची. पहिल्या दिवशी त्यांनी धाकट्याला गोळी लगेच दिलीच नाही. बाकावर बसवून ठेवलं. तो जांभया देत होता, नाक गळत होतं, अंगावर काटा, घामाने सदरा ओला. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन त्याची नाडी बघत, डोळ्यांच्या बाहुल्या बघत आणि कागदावर आकडे लिहीत.

"अहो, तो तडफडतोय आणि तुम्ही मार्क काय देताय?" काटेवाले चिडले.

"लवकर दिली तर जास्त तडफडेल," सिस्टर म्हणाल्या. "मेंदूत या औषधांच्या बसायच्या जागा असतात. आत्ता तिथं गर्द बसलीय. ही गोळी तिला धक्का मारून उठवते आणि स्वतः बसते. पण हिचा जोर त्या गर्दच्या मानानं कमी. भरल्या जागेवर हिला पाठवली तर माणसाला वाटतं पायाखालची जमीनच काढली. म्हणून जुनीचा अंमल उतरू द्यायचा, त्रास पुरता दिसायला लागला की मग द्यायची."

काटेवाले चिडायचं विसरले. त्यांनी बाक पुढे ओढला.

दुपारी गोळी दिली. जिभेखाली ठेवायची, चघळायची नाही, गिळायची नाही, बोलायचं नाही. गिळली तर पोटातून जाऊन फारसा उपयोग होत नाही. पूर्ण विरघळायला दहाएक मिनिटं. काटेवाले भावाच्या तोंडाकडे टक लावून बसले. आता याचे डोळे तारवटणार, मान कलणार, असं त्यांना वाटत होतं. तासाभराने धाकट्याने नाक पुसलं, सदऱ्याची बटणं नीट लावली आणि म्हणाला, "दादा, भूक लागलीय."

बस. एवढंच. काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोक्यात किडा वळवळला.

"सिस्टर, ही जर त्याच जातीची, तर याला चढत का नाही?"

"हळूहळू येते, जोर बेताचा, आणि याच्या शरीराला याहून कितीतरी जास्तीची सवय आहे. शिवाय एका मर्यादेच्या पुढं गोळ्या वाढवल्या तरी हिचा परिणाम फारसा वाढत नाही. श्वास बंद पडायची भीती त्यामुळं गर्दपेक्षा पुष्कळ कमी."

"म्हणजे खुंटी आहे!" काटेवाले ओरडलेच. रांगेतल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं. "स्प्रिंगकाट्यात असते ना. कितीही भार टाका, काटा खुंटीला टेकला की पुढं जात नाही. स्प्रिंग तुटत नाही."

"असेल खुंटी. पण वरून दारू प्यायला किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर तुमची खुंटी मोडते, हे पण लक्षात ठेवा. आणि आता माझी खिडकी मोकळी करा."

पुढच्या काही दिवसांत मात्रा बसवली गेली. रोज सकाळी दोन गोळ्या. धाकटा सहा महिने रोज केंद्रात जायचा. तपासणी नेहमी साफ येऊ लागली, एका इमारतीचं रंगकाम मिळालं, तेव्हा डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या घरी द्यायचं ठरवलं. अट एकच. गोळ्या घरच्या जबाबदार माणसाकडे कुलपात राहतील, आणि तो रोज समोर बसवून देईल.

जबाबदार माणूस कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

रोज सकाळी सात वाजता दुकानात तो कार्यक्रम व्हायचा. काटेवाले पत्र्याची लहान पेटी उघडायचे. गोळ्या त्यांनी पाकिटातून काढून, वार लिहिलेल्या सात पुड्यांत बांधून ठेवलेल्या. शिस्तीचा माणूस. धाकटा गोळ्या जिभेखाली ठेवून स्टुलावर बसायचा आणि पुढची दहा मिनिटं दादांचं भाषण ऐकायचा. कारण त्या दहा मिनिटांत त्याला उत्तर देता येत नसे, आणि अशी संधी काटेवाले सोडणाऱ्यातले नव्हते. शिडी कशी लावावी, वहिनीशी कसं बोलावं, पायमोजे कुठे ठेवावेत, सगळं त्यात यायचं. धाकटा भुवया वर करायचा, डोळे फिरवायचा. वहिनी आतून म्हणायची, "अहो, त्याचं तोंड बंद आहे म्हणून तुमचं उघडं ठेवलंच पाहिजे का?" घरात पुन्हा हसू ऐकू येत होतं.

आणि मग गल्लीतले सोनार आले.

सोनारांचा काटा काही बिघडला नव्हता. त्यांना बसायला जागा हवी होती आणि मत द्यायला माणूस. त्यांनी सकाळचा तो कार्यक्रम बघितला, धाकटा कामाला गेल्यावर मान हलवली.

"काटेवाले, वाईट वाटून घेऊ नका. पण ही तर एक नशा सोडवून दुसरी लावली. नाव बदललं, दुसरं काय? गडी अजून गुलामच. रोज सकाळी हात पसरतोय."

"डॉक्टरांनी दिलंय हो."

"किती दिवस?"

हा प्रश्न काटेवाल्यांनीही डॉक्टरांना विचारला होता. "लागतील तितके," डॉक्टर म्हणाले होते. "काहींना वर्ष-दोन वर्षं, काहींना पुष्कळ जास्त. कमी करायची वेळ आली की त्याच्याशी बोलून, हळूहळू करू. घाई नाही." जे मोजता येत नाही ते उत्तर काटेवाल्यांना उत्तरच वाटत नसे. सोनार गेले, पण त्यांचं वाक्य स्टुलावर बसून राहिलं. काटेवाल्यांचं मन त्या दिवशी कामात लागलं नाही.

खरं सांगायचं तर त्यांना भावाची लाज वाटत नव्हती, काळजी वाटत होती. आपण मेल्यावर याला पुड्या कोण देणार? याला पूर्ण मोकळा बघायचा होता त्यांना. आणि हाताशी हत्यारं होती. भरल्या पारड्यातून एकदम वजन उचललं तर दांडी आपटते, पण चिमट्याने एक एक पत्रा काढत गेलं तर काटा जागचा हलतसुद्धा नाही. तीस वर्षं ते हेच करत आले होते.

त्यांनी पेटी उघडली. एक गोळी सोनारकाट्यावर तोलली. मग अगदी बारीक पॉलिशचा कागद मेजावर पसरला आणि गोळीची कोरी बाजू, जिच्यावर छाप नव्हता ती, बोटाखाली धरून गोल गोल घासली. पुन्हा तोलली. औषध गोळीभर सारखंच मिसळलेलं असणार, म्हणजे वजन दहावा भाग घटलं की मात्राही दहावा भाग घटली. हिशेब चोख होता. भुकटी त्यांनी नळाखाली धुऊन टाकली. चौदाच्या चौदा गोळ्या एकाच वजनाच्या झाल्या, एकही इकडची तिकडे नाही. त्यांना स्वतःच्या हाताचं कौतुकही वाटलं.

कुणाला सांगितलं नाही. धाकट्याला कळलं तर तो घाबरेल, आणि भीतीनेच त्याला त्रास होईल, असं त्यांनी स्वतःला पटवलं. पुढच्या आठवड्यात आणखी दहावा भाग. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. तीन आठवडे काहीही झालं नाही. काटेवाले मनातल्या मनात सोनारांना "बघा आता" म्हणत होते आणि एक दिवस डॉक्टरांसमोर ही गोष्ट कशी सांगायची याची तयारीही करत होते.

पाचव्या आठवड्यात गोळी निम्मी राहिली.

पहिल्यांदा वहिनीच्या लक्षात आलं. "भावजी पहाटेच उठून बसतात हो. जांभया देत असतात." मग नाक गळायला लागलं. धाकटा म्हणाला, रंगाच्या धुळीने असेल. मग तो जेवताना ताट सारून उठू लागला, क्षुल्लक गोष्टीवरून वहिनीवर खेकसला, आणि नंतर तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. काटेवाले हे सगळं बघत होते. या खुणा त्यांच्या ओळखीच्या होत्या. केंद्रातल्या त्या कागदावर सिस्टर याच खुणांना मार्क देत होत्या.

आणि इतका चिकित्सक माणूस, घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं तर आतलं चाक शोधणारा, त्याने या वेळी मात्र आत डोकावलंच नाही. त्यांच्या डोक्यात एकच आलं. हा पुन्हा घ्यायला लागला.

रविवारी सकाळी गोळ्या विरघळल्यावर धाकटा स्टुलावरून उठला नाही.

"दादा, एक सांगायचंय. मला पुन्हा ओढ लागलीय. रोज दुपार झाली की डोक्यात दुसरं काही येत नाही. काल कामावरून येताना त्या जुन्या पुलापर्यंत, जिथं गर्द मिळायची तिथवर, गेलो होतो. परत आलो. घेतली नाही. पण का होतंय तेच कळत नाही मला. सहा महिने तर काहीच नव्हतं."

"घेतली नाहीस?"

"नाही."

"जांभया, नाक, घाम. मला शिकवतोस?" काटेवाल्यांचा आवाज चढला. "उद्या केंद्रात चल. तपासणी करू. साफ निघाली नाही, तर या घराचं दार तुला बंद. तुझ्या वहिनीनं न्हाणीघराच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही."

धाकट्याने त्यांच्याकडे बघितलं. उत्तर द्यायला तोंड मोकळं होतं, तरी तो उठून आत गेला.

सोमवारी दोघे केंद्रात गेले. डॉक्टर, सिस्टर, दोन भाऊ, आणि टेबलावर काटेवाल्यांची पत्र्याची पेटी, कारण अधूनमधून उरलेल्या गोळ्या मोजायला आणायच्या असा नियम होता. लघवीची तपासणी झाली. सिस्टरनी पट्टी उजेडात धरली.

"गर्द नाही. केंद्राची गोळी दिसतेय. साफ आहे."

काटेवाल्यांना आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांची नजर पेटीवर गेली. काटा बरोबर आहे म्हटल्यावर चूक दुसरीकडे असणार, एवढं त्यांना लगेच कळत होतं.

सिस्टर धाकट्याकडे वळल्या. "कधीपासून त्रास? गोळी गिळत नाहीस ना? दुसरं कुठलं औषध सुरू केलंस?"

"काही नाही, सिस्टर. उलट आता गोळ्या लवकर विरघळतात. पूर्वी दादांचं भाषण संपायचं तरी तोंडात कण असायचे. आता दादा पायमोज्यांपर्यंत येतात तोवर संपलेल्या असतात."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेटी उघडली, मंगळवारची पुडी सोडली, एक गोळी तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेली, उलटी केली. मग कपाटातली नवी गोळी काढून शेजारी ठेवली. बोलायची गरज नव्हती. एक नाण्याएवढी जाड, दुसरी कागदाएवढी नसली तरी त्या वाटेवर निघालेली.

"ही घासलीय," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी धाकट्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, पण थकवा होता. "भुकटी कुणाला देतोस? असं बाहेर विकलं जातं, आम्हाला माहीत आहे. घरी गोळ्या देणं बंद करावं लागेल. उद्यापासून रोज इथं."

रोज केंद्रात म्हणजे सकाळचं रंगकाम गेलं. धाकटा उभा राहिला. "डॉक्टर, मी नाही. मला माहीतच नाही." आणि मग त्याने मान फिरवून दादांकडे बघितलं. मदतीसाठी बघितलं. त्याच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं.

काटेवाले पुढे सांगत की आयुष्यात इतकं जड काही उचललं नाही, जितकं ते एक वाक्य.

"मी घासली," ते म्हणाले. "सगळ्या मीच घासल्या. याला माहीत नाही. भुकटी नळाखाली धुतली. दर आठवड्याला दहावा भाग. आज निम्मी आहे. तोलून बघा, सगळ्या सारख्या आहेत."

सिस्टरनी दुसरी पुडी सोडून गोळ्या शेजारी शेजारी मांडल्या. बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं.

"सारख्या आहेत," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "काटेवाले, या माणसाला लागणारं औषध डॉक्टरांनी मोजून दिलं होतं. मेंदूतल्या त्या जागा भरलेल्या राहाव्यात, ओढ लागू नये, आणि चुकून गर्द घेतली तरी तिला बसायला जागा सापडू नये, इतकं. तुम्ही निम्म्या जागा रिकाम्या केल्या. हा पुलापर्यंत गेला तो तुमच्यामुळं. परत आला तो स्वतःच्या बळावर. तुम्ही आणखी घासत गेला असतात आणि गोळी शून्यावर आली असती ना, तर शरीराची सवयही गेली असती. मग न्हाणीघराचं दार. आठवतंय?"

काटेवाल्यांना रुग्णवाहिकेतल्या त्या बाईंचं वाक्य आठवलं. शब्दन् शब्द.

"मला याला मोकळा करायचा होता," ते म्हणाले. "सोनार म्हणाले, एक नशा जाऊन दुसरी..."

"दादा," धाकटा मध्येच म्हणाला. "नशा म्हणजे काय असतं ते मला विचारायचं होतंत ना. सोनारांना काय विचारता? नशा म्हणजे डोळा उघडल्यापासून एकच काम. कुठून आणू, कुणाला फसवू, संध्याकाळचं काय. या गोळीनं मला काही चढत नाही. दहा मिनिटं तोंड बंद ठेवतो आणि मग आख्खा दिवस माझा असतो. शिडीवर चढतो, कड ओढतो, घरी येतो. शरीराला गोळी लागते, हो, लागते. पण माझं आयुष्य तिच्यामागं धावत नाही. पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत मी मोकळाच होतो."

एवढं बोलून तो खाली बसला. सिस्टरनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

डॉक्टरांनी त्या दिवशी गोळी तिथेच दिली, मात्रा पुन्हा पूर्ववत आणायचा कागद केला, आणि आठवडाभर धाकट्याला सकाळी लवकर येऊन जायची सोय करून दिली म्हणजे काम बुडणार नाही. नंतर पेटी पुन्हा घरी जाईल, पण किल्ली वहिनीकडे. काटेवाल्यांकडे बघून त्यांनी एवढंच म्हटलं, "कमी करायची असते तेव्हा आम्हीही कमी करतो. पण ती त्याची इच्छा असते, त्याला सांगून करतो, आणि त्रास झाला तर थांबतो. तुमचा काटा चांगला होता. तोलायला मात्र माणूसच घेतला नाही तुम्ही."

घरी येताना दोघे रस्त्याच्या दोन कडांनी चालले.

त्या आठवड्यात काटेवाल्यांनी एकही काटा उघडला नाही. मेजावर भाजीवाल्या बाईंचा जुना तराजू पडला होता. एकदा तो पडून त्याच्या एका पारड्याची कड तुटलेली, त्यामुळे दुसरं पारडं कायम खाली. काही वर्षांपूर्वी काटेवाल्यांनीच हलक्या पारड्याखाली शिशाचा नेमका तुकडा अडकवून दोन्ही बाजू समान केल्या होत्या. त्याला पासंग म्हणतात. दांडी रिकामी असताना सरळ राहावी म्हणून तो. बाईंनी कधी विचारलं नव्हतं की हा तुकडा कधी काढणार. त्या रोज भाजी तोलत होत्या, कुणाला रतीभर कमी देत नव्हत्या. काटेवाल्यांनी तो तुकडा काढून बघितला. पारडं आपटलं. पुन्हा लावला. दांडी सरळ. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग वहिनीला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे फिरवलं, कारण त्यांना रडू आलं होतं.

दुसऱ्या सोमवारी सकाळी सात वाजता धाकटा दुकानात आला. जांभया थांबल्या होत्या, डोळे शांत होते. वहिनीने दिलेल्या दोन गोळ्या एका स्वच्छ कागदावर होत्या. तो स्टुलावर बसला नाही. सरळ सोनारकाट्यापाशी गेला आणि म्हणाला, "तोला."

काटेवाल्यांनी काचेचं दार उघडलं. पारडं पुसलं. एका पारड्यात गोळ्या, दुसऱ्यात चिमट्याने एक एक वजन. काटा हलत हलत मध्यावर आला. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्यांचं माप पुन्हा तपासून घेतलं नव्हतं. धाकट्याने वाकून बघितलं, गोळ्या उचलल्या आणि जिभेखाली ठेवल्या. दहा मिनिटं काटेवाले काही बोलले नाहीत.  दहा मिनिटांनी तो उठला, "बरोबर आहे" म्हणाला आणि कामाला गेला.

हे रोज झालं. मंगळवारी, बुधवारी, पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या. रोज सकाळी काटेवाले सहा वाजताच उठून पारडी पुसून ठेवायचे, बारीक वजनं खाचांतून काढून ओळीने मांडायचे आणि स्वतःच्याच घरात आरोपीसारखे उभे राहायचे. सोनार एकदा हे बघून काही बोलायला गेले. काटेवाले म्हणाले, "तुमचा काटा ठीक आहे. या आता." भाषण त्यांनी बंदच केलं. वहिनीला तेही सहन होईना. ती म्हणाली, "निदान पायमोज्यांचं तरी बोला."

चार महिने गेले. इमारतीचं काम संपून धाकट्याला दुसरं मिळालं होतं. एका सकाळी तो आला, कागदावरच्या दोन गोळ्या घेऊन. काटेवाल्यांनी सवयीने काचेचं दार उघडलं, चिमटा हातात घेतला.

धाकटा काट्याकडे गेलाच नाही. त्याने गोळ्या उचलल्या, सरळ जिभेखाली ठेवल्या आणि स्टुलावर बसला.

काटेवाले चिमटा धरून तसेच उभे राहिले. त्यांना विचारायचं होतं, आणि धाकट्याला तर बोलता येत नव्हतं. त्याने फक्त हाताने खूण केली. त्या काट्याचं दार लावा, आणि बसा.

त्यांनी दार लावलं. स्टूल ओढलं आणि भावाच्या शेजारी बसले.  मग घसा खाकरून ते हळूच म्हणाले, "तुझे पायमोजे कालही जिन्यात पडले होते."

धाकट्याने डोळे फिरवले.